कुठल्याही फाइलमध्ये चालणारा मॅक्रो

तालुक्याच्या ऑफिसात मी कुपोषित बालकांच्या एक्सेल फाइली भरते. मोलगीकडच्या गावांतलं एखादं पोर गेलं, की त्याच्या नावापुढच्या चौथ्या रकान्यात ‘मृत’ लिहून ओळ करडी करायची. पावसाळ्यात हे इतकं वाढलं, की वैतागून मी मॅक्रो रेकॉर्ड केला, म्हणजे एक शॉर्टकट दाबला की हे सगळं आपोआप होणार.

पहिल्यांदा रिलेटिव्ह रेफरन्स, म्हणजे आपण जिथे असू तिथून मोजायची सोय, चालू नव्हती. कुठल्याही नावावर उभं राहून शॉर्टकट दाबा, ‘मृत’ पहिल्याच पोरीपुढे उमटायचं, आणि ती तर जिवंत होती. मग ती चालू करून पुन्हा रेकॉर्ड केलं आणि मॅक्रो पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये ठेवला, म्हणजे तो या कंप्युटरवरच्या कुठल्याही फाइलमध्ये चालेल. आता गाव कुठलंही असो, निवडलेल्या नावापासून मोजून तो अचूक लिहायचा.

“बरं व्हयनं, ताई. टाइम वाचना,” साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

एका दुपारी त्याच कंप्युटरवर मी घरच्यांच्या वाढदिवसांची फाइल उघडली. माझ्या मुलीच्या नावावर क्लिक केलं आणि बोटांनी सवयीने शॉर्टकट दाबला. ‘मृत’. ओळ करडी झाली.

अन्डू दाबलं, पण मॅक्रोने केलेलं त्याने मागे जात नाही. हाताने पुसलं. मग शाळेत फोन लावला.

“ती वर्गात आहे ना, बाई? फक्त एवढंच सांगा.”