मी ज्यांना विष म्हणालो त्या गोळ्या

सांधे दुखतात म्हणून रावेरकडच्या एक अक्का वर्षानुवर्षं कुणीतरी दिलेल्या पुडीतल्या गोळ्या खात होत्या. माझ्या जळगावच्या दवाखान्यात आल्या तेव्हा चेहरा गोल सुजलेला, हातापायांच्या काड्या, जरा धक्का लागला की कातडीवर काळेनिळे डाग, साखर वाढलेली. पुडी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. "अक्का, हे स्टेरॉइड आहे. विष आहे विष!" सुनेसमोरच मी ओरडलो, तपासण्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

खरं सांगायचं ते राहूनच गेलं. इतकी वर्षं बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं. म्हणून गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते. ताप आला तर उलट डोस वाढवावा लागतो, उलट्या होऊन गोळी पोटात राहिली नाही तर इंजेक्शनसाठी धावत यायचं असतं. एवढंच बोलणं, पण माझ्या रागाने ते खाल्लं.

आठवडाभरात सुनेने त्यांना रिक्षातून आणलं. उलट्या थांबत नव्हत्या, अंग गार पडलेलं, बीपी लागेना. हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन दिलं, सलाइन जोरात सोडलं, तेव्हा कुठे काही वेळाने त्यांनी डोळे उघडले. मी काही विचारायच्या आत त्याच मला धीर देत म्हणाल्या,

"डॉक्टर, त्या दिवसापासून एक बी गोळी घेतली नही मी. तुम्ही सांगितलं ना."