एक वीत लाल लोकर

पोरगा कॅनडात हाय. पिंगळीच्या घरात आमा दोघा म्हाताऱ्यांकडं बघायला कोणी न्हवतं, म्हणून तो आमाला तिकडं घेऊन गेला. मी लय हाल काढलेत. रोजानं खुरपलं, कापूस वेचला, एक लेकरू मातीआड केलं अन् तिसऱ्या दिवशी कामाला गेले. त्याचं रडगाणं मी कधी गायलं न्हाई. पण झरीला दिलेल्या लेकीची पोरगी दीड वर्साची असताना मी विमानात बसले. ही मला विसरंल, एवढी एकच भीती मनात घेऊन गेले.

फोनात तोंड दिसतं, मंग कशाला विसरंल, असं पोरगा म्हणला. आमच्याकडं सकाळचे आठ वाजले की झरीला साडेपाच. लेक पोरीला फोनासमोर धरायची. "आजीला बोल. आजीला पप्पी दे." पोरगी फोन हिसकायची, मंग मला फकस्त छतावरचा पंखा दिसायचा. मी पंख्यालाच ईचारायची, "जेवलीस का गं बाय?" पुढं थंडीत तिथं समद्या देशानं घड्याळं एक तास मागं केली. हे मला अजून कळलं न्हाई. आमचे आठ ते आठच ऱ्हायले, अन् झरीला साडेसहा झाले. लेक तव्यापुढं, पोरगी पेंगायलेली. मंग आमी सात वाजता फोन लावायलो.

पोरगा म्हणला, "माय, तिला खेळणं पाठवू." त्यानं कॅनडात बसून गावाकडच्या दुकानातून मागिवलं. डब्यावर लेकराचं वय लिवलेलं असतं, ते बघावं लागतं. बारके मणी असले तर लेकरं नाकात घालतात. भातुकलीचा डबा निवडला. गाडीवाला झरीच्या फाट्यापोस्तर आला, तिथून जावयानं पोरीला संगं नेऊन आणला. पोरगी लय खुश. लेकीनं फोनावर ईचारलं, "कोणी दिलं गं हे?"

"गाडीवाल्या काकानं."

समदे हसले. मीबी हसले. पण त्या दिवशी भाकरी गोड लागली न्हाई. गाडीवाल्यावर तरी राग कसा करावा?

सूनबाईनं समजून सांगितलं. "आत्या, नुसतं पाठवून होत न्हाई. तीच वस्तू आपल्याजवळ बी ठेवायची. मंग हिकडून तुमी, तिकडून ती, संगट खेळायचं." मंग चित्राचं एकच पुस्तक दोन घरी घेतलं. त्यात बर्फातलं अस्वल. मला वाचता येत न्हाई, अन् त्या अस्वलाचं काय सांगावं तेबी कळंना. मी म्हणलं, "हे शेतात निघालंय." पोरगी म्हणली, "शेत कुठंय?" खरंच, शेत कुठंच न्हवतं. गाणं म्हणून बघितलं. माझी टाळी तिला उशिरा पोचायची, तिची मला त्याहून उशिरा. दोघी येगयेगळ्याच गाण्यात.

मंग मी मनाशी म्हणलं, आपल्याला जे येतं ते करावं. हातानं परकर शिवावा. मला टेपावरचे आकडे कळत न्हाईत, समदं आयुष्य वितीनं मोजलं. लेकीला फोनावर सांगितलं, "कंबरंपून घोट्यापोस्तर मोज." ती म्हणली, "तीन वीत, माय." मी तीन वीत शिवला. खाली हिरवी पट्टी लावली. परभणीकडं जाणाऱ्या एका बाईच्या सामानात दिला.

फोनावर पोरगी तो घालून आली. दोन पावलं चालली अन् तोंडावर पडली. परकर खाली लोळायलेला. रडून म्हणली, "आजीचा नको!"

मला काही सुधरंना. तीन वीत म्हणजे तीन वीत. म्हातारा बाजूला चहा पीत होता. "अगं, वीत कोणाची?" म्हणला.

"कोणाची म्हंजे?"

"तुझा पंजा बघ की. फावड्यावाणी हाय. लेकीचा हात चिमणीएवढा."

लेक तिकडून हसायली. "बा, मायला फावडं म्हणू नका!"

मंग आमी दोघी मायलेकींनी फोनाला हात लावून बघितले. फोनात दोन्ही सारखेच दिसायले. मी हात मागं घेतला की बारका, पुढं केला की मोठा. मंग खरा कोणता? पोरगी रडायची थांबली अन् तिनंबी आपला हात काचंला लावला. तिचा तर समद्यात मोठा! ती खिदळायली. "माझा मोठा! आजीचा बारका!" वर्सभरात पहिल्यांदाच ती आपणहून माझ्याकडं बघायली होती.

सूनबाईकडं लाल लोकरीचा गुंडा होता. मी अंगठ्यापून करंगळीपोस्तर पंजा ताणला अन् तेवढी लोकर कापली. अशा दोन. एक माझ्याजवळ, एक पाकिटात घालून टपालानं झरीला. लेकीला सांगितलं, "तिला सांग, ही आजीची वीत हाय."

ह्या खेळाला मातर रंग चढला. लेक फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायची, म्हंजे दोघींचे हात मोकळे. मी आता "जेवलीस का" ईचारत न्हवते. "आज काय मोजलंस?" म्हणायची. ती उंबरा मोजायची, मांजर धरून मोजायची. "आजी, मांजर दीड हाय, शेपूट सोडून!" मी हिकडं म्हाताऱ्याचं पाऊल मोजायची. तो म्हणायचा, "मला गुदगुल्या होतात, सोड." ज्याचं मोठं तो जिंकला. उशीर व्हायचा ते बोलण्याला, मोजण्याला न्हाई. रोज सांजच्याला ती लोकर घेऊन वाट बघती, असं लेक सांगायची. मला वाटलं, आता ही मला विसरत न्हाई.

जाऊन अडीच वर्सं झाली, तवा आमी महिनाभरासाठी गावाकडं आलो. थेट झरीला गेलो. मी दारात उभी. पोरगी लेकीच्या पदरामागं. तोंड बघितलं, अन् वळखीचं काहीच दिसंना तिच्या डोळ्यात. मी बोलावलं न्हाई. लेक म्हणली, "आजी आली बघ."

मंग ती आत पळाली अन् लोकर घेऊन आली. मळकी, काळी पडलेली. मी खाली बसले, पंजा पसरला. तिनं एक टोक अंगठ्यावर धरलं, दुसरं करंगळीवर. पुरला न्हाई तो माझा हात. लोकर दोन बोटं जास्तीची उरली.

रोज ओढून ओढून ती लांबली होती. हे मला कळलं, पण चार वर्साच्या लेकराला कसं सांगावं? का माझाच हात आटला, कोण जाणे.

पोरगी एकदा लोकरीकडं बघायली, एकदा माझ्याकडं. "तुझा हात बारका हाय," म्हणली.

"हाय बाय."

"फोनातल्या आजीचा मोठा हाय."

म्हातारा म्हणला, "अगं, तीच ही." ती काही मानंना. मंग थोड्या वेळानं माझ्याजवळ आली, लोकर माझ्या हातात दिली अन् म्हणली, "मंग तुझी दुसरी वीत दे."

मी पिशवीतली माझी लोकर काढली. ती पंजाला बरोबर आली. पोरीनं ती घेतली, माझ्या मांडीला मांडी लावून बसली अन् माझं पाऊल मोजायली.

तिनं मला वळखलं का नवी आजी धरली, ते मला अजून उमजलं न्हाई. मी पाय हलवला न्हाई एवढंच.