मास्तरचं गुरुवारचं ताट

ठाणाकुशनूरच्या नरहररावांचं अर्धं आयुष्य तहसिलीत उर्दू कागद लिहिण्यात गेलं होतं. राज्य बदललं, कारभाराची भाषा बदलली आणि नरहरराव घरी बसले. पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गावाने मराठी शाळा काढली तेव्हा चिटणीस व्हायला ते आपणहून पुढे झाले. माणसाच्या तोंडी शब्दावर त्यांचा फारसा भरवसा नसे. करार झाला, सही झाली, की मग मात्र ते निर्धास्त झोपायचे. बिचाऱ्यांना याच सवयीनं गोत्यात आणलं.

शाळा सातवीपर्यंत होती. त्या जूनमध्ये आठवी सुरू केली, पण मान्यता मिळायची होती. तपासणीला साहेब येणार होते, तेव्हा गणित आणि शास्त्र शिकवणारा पदवीधर शिक्षक हजर असला पाहिजे, नसला तर वर्ग बंद. नरहररावांची धाकटी अनसूया त्याच वर्गात होती. बायकोच्या भावाने तिच्यासाठी खजुरीचं स्थळ आणून ठेवलं होतं. सुमतीबाईंनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, "गावात वर्ग चालला तर शिकू द्या. पोरीला बीदरला ठिवायला माझ्यात दम न्हाई. वर्ग बंद झाला तर दिवाळीनंतर बार उडवायचा." नरहररावांनी हो म्हटलं होतं. शिक्षक मिळवणं आपल्या हातात आहे, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

शिक्षक दारात आलाही होता. उदगीरचा श्रीनिवासराव, शास्त्राचा पदवीधर. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्याला घराजवळ नोकरी हवी होती. स्वतः अर्ज घेऊन आला, पुढल्या आठवड्यात रुजू होतो म्हणाला. दलाली नाही, काही नाही. पण त्याला घेऊन आले होते शाळेच्या कमिटीतले मल्लप्पा, आणि ते पाहताच कमिटीतल्याच गुंडाप्पांचा चेहरा पडला. गुंडाप्पांच्या मनात त्यांच्या साडूचा मुलगा होता, इंटर नापास. एकाचा माणूस घेतला की दुसरा रुसणार, आणि शाळेची जागा तर गुंडाप्पांचीच.

"अण्णा, आपण एजन्सीतून घेऊ," नरहरराव मल्लप्पांना म्हणाले. "कुणाचा भाचा न्हाई, कुणाचा साडू न्हाई. वर हमी बी देतेत."

"हमी कामून पायजे? पोरगा समोर हुबा हाय की!"

"उद्या बापाचं दुखणं वाढलं अन् निघून गेला, तर कुणाला धरायचं?"

श्रीनिवासराव चहा पिऊन परत गेला.

नरहरराव हैदराबादला गेले. सुलतान बाजारात एका जिन्यावर शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीची खोली होती. तिथल्या मालकांनी गोड बोलून सगळं समजावलं. फी एका महिन्याच्या पगाराएवढी. अर्धी नाव नोंदवताना, अर्धी शिक्षक रुजू झाल्यावर. तीन महिन्यांच्या आत शिक्षक आपणहून सोडून गेला, तर दुसरा एकदा फुकट मिळेल. शाळेने काढला तर नाही. आणि पगार, राहणं, काम जे ठरलं त्यात शाळेने बदल केला तर हमी संपली.

"आम्ही कामून बदल करावं?" नरहरराव हसून म्हणाले, आणि सही करून मोकळे झाले.

जयतीर्थ नावाचा मुलगा आला. सडपातळ, लाजरा, पण फळ्यापाशी उभा राहिला की वेगळाच व्हायचा. अनसूया घरी येऊन आईला हवेचं वजन समजावून सांगू लागली. नरहररावांची छाती फुगली. आपण बरोबर केलं, असं ते आठ घरी सांगत सुटले.

कमिटीची बैठक भरली. एजन्सीची फी गुंडाप्पांना खुपत होती. त्यांनी तोड काढली, "मास्तराला खानावळ कशाला? वार लावून देऊ. रोज एका घरी जेवंल. पगारातून जेवणाचे थोडे कापू. फी बी निघंल, अन् मास्तराचं पोट बी भरंल."

मल्लप्पांनाही ते पटलं. खेड्यात मास्तर आपल्या घरी जेवतो म्हणजे त्या घराचा मान वाढतो. सोमवार मल्लप्पांचा, मंगळवार गुंडाप्पांचा, असे वार ठरले. गुरुवार नरहररावांनी स्वतःसाठी मागून घेतला. ठरलेला पगार कापला जातोय, हे त्या लिहून-लिहून बोटं झिजलेल्या माणसाला दिसू नये? दिसलं नाही. त्यांना पंगत दिसत होती. जयतीर्थाला विचारलं, तर तो खाली मान घालून "चालेल" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता तो?

घरोघरी त्याच्यावर माया झाली, आणि मायेनंच त्याचा जीव नकोसा केला. गरम भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, वर तिखटाचा गोळा, आणि नको म्हटलं की आणखी एक. जेवण झालं की त्या घरचा मुलगा पाटी घेऊन समोर. कुणाला जमिनीचा अर्ज लिहून हवा, कुणाला सोयरिकीचं पत्र. पोट बिघडलं तरी वार चुकवायची सोय नव्हती, कारण ते घर रुसायचं. श्रावणात एका सकाळी तो ट्रंक घेऊन नरहररावांच्या ओट्यापाशी आला.

"मी जातो. तुम्ही सगळे फार चांगले आहात," तो म्हणाला, "पण मला माझ्या पगारात, माझ्या खोलीत, निवांत जेवायचं होतं."

नरहररावांना वाईट वाटलं, पण धीर सुटला नाही. तीन महिने व्हायचे होते ना! "भिऊ नकोस, अनू," ते लेकीला म्हणाले, "हमी हाय आपल्याला. दुसरा मास्तर घेऊनच येतो."

एजन्सीच्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "पगार पूर्ण देत होता?"

नरहरराव खोटं बोलू शकले असते. पण अर्धा जन्म सरकारी कागदावर खरं लिहिलेला माणूस, त्याची जीभही तसलीच. "जेवणाचे कापत होतो," ते म्हणाले. "पण आम्ही मायेनं जेवू घालायलो होतो, साहेब. कुठं बी विचारा."

"ते खरं असेल. पण अट तुम्ही बदललीत. जयतीर्थही तेच सांगून गेला. नवा माणूस हवा तर नवी फी, आणि आता वर्षाच्या मध्येच शास्त्राचा कोणी मोकळा नाही."

त्यांनी हात जोडले. त्या जिन्यावर कुणासमोर तरी हात जोडायची वेळ येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मालकांनीही हात जोडले, आणि गोष्ट संपली.

परतीच्या गाडीतून ते गावाजवळच्या स्टेशनावर, कमलनगरला, उतरलेच नाहीत. पुढे उदगीरला गेले, श्रीनिवासरावाचं घर शोधलं. तो स्वतःच अदबीने बाहेर आला, आत नेलं, पाणी दिलं. तो उदगीरच्याच शाळेत लागला होता. "तवाच आलो असतो, काका," तो म्हणाला. "एक शब्द टाकला असता तर बस झालं असतं." आतल्या खोलीत त्याचे वडील खोकत होते. ज्या दुखण्याच्या भीतीनं याला नाकारलं, ते दुखणं याला घरात धरून बसलं होतं. हा माणूस कुठेच गेला नसता! नरहररावांना तिथेच बसून रडावंसं वाटलं. त्यांनी पाणी संपवलं आणि उठले. तपासणी चार दिवसांवर आली होती, दिवाळीही लांब नव्हती, आणि आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. आज गुरुवार, मास्तरला जेवू घालायचा आपला वार, हे वाटेत त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. सुमतीबाई चुलीपाशी होत्या. अनसूयेने दोन पाट मांडले होते, दोन ताटं वाढली होती. दुसऱ्या ताटात तिखटाचा गोळा नव्हता. बाजूला दह्याची वाटी होती.

"नव्या मास्तरला तिखट सोसंल का न्हाई, म्हणून आईला कमी घालाय लावलं," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहू लागली. "मागं राहिले का? कंदील घेऊन जाऊ?"

नरहरराव पाटावर बसले. सुमतीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली. अनसूया कंदील घेऊन केव्हाच ओट्यावर गेली होती. नरहररावांनी दुसरं ताट हळूच भिंतीकडे सरकवलं.