न फुगलेली भाकर

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. परभणीत माझा कॉम्प्युटर क्लास होता: तीन यंत्रं, एक कूलर आणि भिंतीवर मी स्वतः लिहिलेली पाटी, 'कोणीही नवीन डिरेक्टरी बनवू नये.' पोरं आत कप्पे करून खेळ लपवून ठेवायची, म्हणून हा हुकूम. प्रत्येकाच्या सगळ्या फायली थेट सी ड्राइव्हवर, माझ्या डोळ्यांसमोर. या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

ताडकळसची सगुणा ही माझी सगळ्यात मुकाट विद्यार्थिनी. तिनं परीक्षेसाठी अठ्ठेचाळीस सेकंदांचा चित्रपट केला होता. आई भाकरी थापते, तव्यावर टाकते, उलटते आणि शेवटच्या चार सेकंदांत भाकर निखाऱ्यावर टम्म फुगते. सेकंदाला दहा चित्रं, एकूण चारशे ऐंशी. एकेक चित्र रंगवून डिस्कवर ठेवायला यंत्राला पाच मिनिटं लागत. पाच दिवस हेच चाललं होतं. नांदेडच्या एका व्हिडिओवाल्यानं लग्नाच्या कॅसेटमध्ये पडद्यावर झळकणारी नावं करायला तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण सर्टिफिकेट दाखवल्यावरच. परीक्षक भगवानराव सकाळी दहाला येणार होते आणि अपुऱ्या कामाला थेट नापास, पुढची परीक्षा वर्षानं.

आदल्या संध्याकाळी पडद्यावर आकडा चारशे ऐंशीवर आला. कुठे चूक नाही, तक्रार नाही. आम्ही चित्रपट लावला. भाकर तव्यावर उलटली आणि चित्र थांबलं.

"सर, फुगली न्हाई," सगुणा म्हणाली.

"तूच काहीतरी पुसलंस," मी खेकसलो.

"म्या हातबी लावला न्हाई, सर."

फायलींची यादी काढली. शेवटचं चित्र चारशे बेचाळिसावं. अडतीस गायब. डिस्कवर मात्र वीस एमबीच्या वर जागा मोकळी. मग डिस्क भरली असंही म्हणता येईना. मी एक बारकी फाइल कॉपी करून पाहिली, तर उत्तर आलं, फाइल तयार करता येत नाही.

पुस्तक काढून चाळलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डिस्कच्या पहिल्या पानावर, म्हणजे मूळ यादीत, नावं लिहायला ठरावीक ओळी असतात, पाचशे बारा. जागा कितीही असो, ओळी संपल्या की नवीन नाव लिहिता येत नाही. इतरांच्या फायली धरून सत्तर ओळी आधीच गेल्या होत्या, उरल्या चारशे बेचाळीस. पुढचं प्रत्येक चित्र यंत्रानं इमानानं काढलं, ठेवायला गेलं, डॉसनं, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रणालीनं, नकार दिला. आणि तो नकार ऐकायचा की नाही, हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिलेला! फाइल बनली का, हे मी त्यात कधी विचारलंच नव्हतं. आकडा मात्र पुढे जातच होता.

आतल्या डिरेक्टरीला ही मर्यादा नसते. पाटीखाली बसून मीच हुकूम मोडला. एक निकामी फाइल पुसून मूळ यादीत ओळ मोकळी केली, तिथे नवीन डिरेक्टरी केली, जुनी चित्रं तिच्यात कॉपी केली आणि चारशे त्रेचाळीसपासून रंगवायला लावलं. अडतीस गुणिले पाच, तीन तास दहा मिनिटं. वीज राहिली तर. नऊ वाजता सुरू झालं आणि साडेदहाला गेली ती गेलीच.

मुलीसोबत तिची आई केशरबाई मुक्कामाला आली होती. अंधारात ती म्हणाली, "सर, भाकर फुगलीच न्हाई तर लोक म्हनतील, केशरबाईला भाकर येत न्हाई."

मला हसू आलं नाही. सगुणा कंदिलाजवळ बसून बोटं मोडत होती. पहाटे पाचला वीज आली. अर्धवट राहिलेलं एकच चित्र वाया गेलं होतं. त्यापासून पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी प्रत्येक चित्रानंतर मी यादी उघडून नाव मोजत होतो. सात वाजेपर्यंत शेवटचं नाव आलं.

दहाला भगवानरावांसमोर भाकर फुगली. केशरबाईनं मागून हळूच "हां" म्हटलं. सगुणाला प्रथम वर्ग मिळाला. ती रडली आणि मीही, जरा आडोशाला जाऊन.

जाताना ती दारात थांबली. "सर, एक इचारू? पाथरीच्या रंगनाथचंबी गेल्या साली असंच झालं आसंल का?"

त्या दोघी गेल्यावर मी गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. रंगनाथ त्या दिवशी पुनःपुन्हा सांगत होता, "सर, म्या पुरा काढला हुता." त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: काम अर्धवट, मुलगा आळशी आणि खोटारडा.

दुपारी मी पाथरीची एसटी पकडली.