सात वर्षांचा फ्रीजर

तो छापील कागद आठवला की माझं आजही डोकं फिरतं. डीलरच्या माणसाने बाबांच्या हातात ठेवलेला. काचेच्या दाराचा उभा फ्रीजर, स्टॅबिलायझरसकट अठ्ठावन्न हजार. आइस्क्रीमची विक्री रोज पंधराशे, नफा वीस टक्के, आणि खाली ठळक अक्षरांत: साडेसहा महिन्यांत पैसे वसूल.

कन्हानला बाबांचं किराणा दुकान आहे. मी रामदासपेठेत एका सीएच्या ऑफिसात अकाउंटंट आहे. कोणती मशीन परवडेल आणि कोणती नाही, हे लोकांना सांगायचाच मला पगार मिळतो. आणि माझ्याच बापाने मला एका शब्दाने न विचारता दोन हजारांचं टोकन देऊन टाकलं होतं. रविवारी दुपारी मी दुकानात गेले, तर बाबा टेप घेऊन जागा मोजत उभे. तोंडावर असा आनंद, जसं घरात लग्न निघालंय.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. रोज पंधराशेची विक्री एप्रिल ते जूनपुरती. पावसाळ्यात निम्मीही नाही, थंडीत शे-दीडशे. वर्षाची सरासरी ओढूनताणून सातशे. वीस टक्क्यांनी दिवसाला एकशेचाळीस सुटतात. त्यातून दुकानाच्या मीटरच्या दराने शंभर रुपये विजेचे गेले. उरले चाळीस. महिन्याला बाराशे. पैसे वसूल व्हायला चार वर्षं, तेही काही बिघडलं नाही तर.

विजेचा आकडा बाबांना पटला नाही. तो निम्मा कर म्हणाले.

"काहून?"

"रात्री बंद ठेवीन ना वं. रात्री कोण येते आइस्क्रीम घ्याले?"

दुकानातला जुना फ्रिज ते वर्षानुवर्षं रात्री शटर ओढताना बंद करतात. त्यात थंड पेयांच्या बाटल्या असतात, त्यांचं काही बिघडत नाही. गल्लीतले निम्मे दुकानदार हेच करतात आणि वर स्वतःला हुशार समजतात. मी चिडून सांगितलं की आइस्क्रीम रात्री वितळतं, सकाळी पुन्हा गोठतं, त्यात बर्फाचे खडे होतात, आणि एकदा तसा कप हातात पडलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. बोलता बोलता आवाज चढला. पोहे घ्यायला आलेली शेजारची बाई पोहे न घेताच गेली. मला त्याचाही राग आला आणि तोही मी बाबांवरच काढला. विकणारा काहीही सांगतो आणि तुम्ही ऐकता, मी म्हणाले. माझं तेवढं ऐकू येत नाही.

त्यांना फ्रीजर का हवा होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. समोर मोठं चकचकीत दुकान झालं होतं. संध्याकाळी पोरं आईबापांचा हात ओढत तिकडे जायची, आणि मग साखर, तेलही तिकडूनच यायचं. बाबा गल्ल्यामागून ते रोज बघत होते. पण राग आला की मला दुसऱ्याचं काही दिसत नाही.

चष्मा लावून बाबांनी माझा कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फ्रीजरचं आयुष्य, सात वर्षं.

"हे काय आहे?"

"सात वर्षं चालतो तो. म्हणजे चार वर्षांनी पैसे निघाले तरी पुढची तीन वर्षं फायद्याची. इतकंच त्यात चांगलं आहे, बाबा."

"दिवाळीत तू म्हणत होती, दोन वर्षांत दुकान बंद करा, आता होत नाही तुमच्यानं. अन् इथं सात वर्षं लिवले. कोणतं खरं धरू?"

आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते देणं माझ्या हातात होतं. सात धरा, एवढंच म्हणायचं होतं. पण हिशेबात कोणी चूक दाखवली की माझं रक्त तापतं. मी पेन उचललं, सात खोडलं आणि दोन केलं. दोन वर्षांत सुटणार अठ्ठावीस हजार आठशे. दोन वर्षांनी तो फ्रीजर वीस हजारांना विकला गेला तरी नऊ हजारांच्या वर तोटा. खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी वाद घालावा, असं मला तेव्हा फार वाटत होतं. माझ्यावर ओरडावं, दुकान माझं आहे म्हणावं. त्यांनी टेप गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि डीलरला फोन लावला.

"तो फ्रीजर राहू द्या भाऊ. टोकनचं पाहू नंतर. पोरीनं हिशेब करून पाहिला, दुकानच दोन वर्षांचं आहे."

मी असं कधी म्हटलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण म्हटलं होतं. चकली खात खात.