बाबांचं निमित्त

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी चौदा वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम करत होतो. माझ्याच शिफ्टमधल्या मित्राने नोकरी सोडली, पेणला एक गाळा भाड्याने घेतला आणि गॅस गळायला लागला की मोबाईलवर इशारा देणारं यंत्र बनवू लागला. तिघे होते, चौथा मी हवा होतो. पगार निम्मा; वर शेअर, तेही एक वर्ष पुरं केल्यावर मिळायला सुरुवात. त्या यंत्राने मला असं झपाटलं होतं की जेवताना मी ताटाच्या कडेला बोटाने वायरिंग काढत बसायचो.

बायको वही घेऊन बसली. बाबांचं औषधपाणी सोडलं तर साठवलेल्या पैशांवर घर अकरा महिने चालत होतं. "नाहीच जमलं तर तुम्हाला पुन्हा नोकरी मिळेल की," ती म्हणाली. तेव्हा मी बाबांना पुढे केलं.

बाबांचा जन्म धरमतरच्या मिठागरात गेला. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि तो खर्च माझ्या कंपनीच्या विम्यातून व्हायचा. मित्राकडे विमा नव्हता. नवा काढला तर जुन्या आजाराला काही वर्षं पैसे मिळणार नाहीत, असं एजंटने सांगितलं. अलिबागच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिस फुकट होतं, हे बायको स्वतः विचारून आली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मित्राला नकार कळवला. गावाने मला श्रावणबाळ ठरवलं. मीही ठरवू दिलं.

बाबांना मात्र ते पटलं नाही. सुया टोचलेला हात तसाच ठेवून म्हणाले, "माज्यासाठी थांबू नको. अवकाळी पाऊस येल म्हनून कोन मिठागर टाकून देतं काय?"

"तुम्ही गप पडून राहा," मी खेकसलो.

आठ महिन्यांनी बाबा गेले. तेराव्याला मित्र आला. निघताना, चप्पल पायात सरकवत म्हणाला, "तुझी जागा अजून भरली नाय. आता येतोस?"

बायको दारात उभी होती. मी कारण शोधू लागलो. आयुष्यभर कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरला नव्हता, पण त्या क्षणी काही सुचेना.

"पोरीची दहावी आहे रे," मी म्हणालो.

पोरगी सहावीत होती. ते त्यालाही माहीत होतं. त्याने मान हलवली आणि गाडीला किक मारली.

बाबा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या संध्याकाळी ओटीवर बसून ढसाढसा रडलो. शेजारपाजारचे धावत आले, बापाच्या मागे पोर कसं हळहळतंय म्हणाले. बायको तेवढी घरातून बाहेर आली नाही.