तीनशे भोकांचा पट

दिग्रसला जिनिंगच्या मागच्या गल्लीत अब्दुल गनींचं खरादीचं दुकान आहे. लाकूड यंत्रावर गरगर फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हा धंदा. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब असं चाळीस वर्षं चाललेलं. गनीभाईंचा हात इतका साफ, की चार पाय उतरवले तर पहिला कोणता नि चौथा कोणता हे त्यांचं त्यांना कळायचं नाही. ही गोष्ट ते गिऱ्हाइकाला न विचारता सांगत.

आठवड्यातले सहा दिवस लाकूड आणि रविवारी दुपारी लुडो. शेजारच्या बाबारावांच्या वऱ्हांड्यात सतरंजी पडायची आणि दोन जोडपी पटाभोवती बसायची. बाबाराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यांची बायको रुखमाबाई, गनीभाई आणि त्यांची हलीमा. बावीस वर्षांत रंग ठरून गेले होते. बौद्धांच्या घरची म्हणून रुखमाबाईंनी निळा घेतला आणि गनीभाईंनी हिरवा, तेव्हा चौघंही पोट धरून हसले होते. हलीमाला पिवळा आवडायचा. उरला लाल, तो बाबारावांना मिळाला. सगळा घोटाळा इथंच होता, पण तो कळायला बावीस वर्षं लागली.

बाबाराव अधूनमधून आपली सोंगटी सोडून गनीभाईंची चालायचे. कुणी टोकलं की "अरे हाव" म्हणून परत ठेवायचे. गेल्या वर्षी, पऱ्हाटीचा कापूस वेचायच्या दिवसांत, गनीभाईंची हिरवी सोंगटी आपल्या गल्लीत शिरायला दोन पावलं राहिली होती. बाबारावांनी ती उचलली आणि तीन घरं पुढं, हिरव्या गल्लीचं तोंड ओलांडून आपल्या लाल गल्लीच्या वाटेला लावली. गनीभाईंचं डोकं सटकलं.

"बाबाराव, तू चोट्टेपणा करून राह्यला," ते म्हणाले. "आजचा नाही, बावीस वर्षांचा."

ज्या माणसाच्या तिकिटांच्या पेटीवर एकोणतीस वर्षांत तपासणीवाल्यांनी बोट ठेवलं नव्हतं, त्या बाबारावांनी सतरंजी झटकली, गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली. त्या रविवारपासून खेळ बंद.

यातली एक गोष्ट गनीभाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. बाबाराव कधीकधी लाल समजून हिरवी सोंगटी बरोबर गनीभाईंच्याच फायद्याच्या घरात नेऊन ठेवत. अशा वेळी गनीभाईंना हमखास चहाची आठवण व्हायची आणि ते कपात बघत बसायचे. त्यांच्या हिशेबानं तो चोट्टेपणा नव्हता, नुसता चहा होता.

मधल्या काळात रुखमाबाईंना काचबिंदू निघाला. बाबारावांची मुलगी दीपा यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. तिनं आईला तपासायला नेलं. आईची कडेची नजर बरीच गेली होती, मधली धुरकट राहिली होती. रांगेत बसून कंटाळलेल्या बापापुढं तिनं सहज ठिपक्यांचं पुस्तक धरलं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. बाबारावांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, छपाई खराब आहे, आकडा टाकायचाच राहिला.

लाल आणि हिरवा त्यांना जन्मापासून जवळपास एकसारखे, मातकट दिसत होते. मग एकोणतीस वर्षं रंगीत तिकिटं कशी फाडली? तर रंगानं नाहीच. पेटीत कोणता गठ्ठा कुठल्या खणात आहे हे बोटांना पाठ होतं. त्यांना वाटायचं, सगळे कंडक्टर असंच करतात.

दीपानं दिग्रसला येऊन हे सांगितलं, तेव्हा गनीभाई खरादावर बेलण उतरवत होते. त्यांनी यंत्र बंद केलं.

"म्हणजे तो चोर नोहे?"

"नाही चाचा."

गनीभाईंनी अंगावरचा भुसा झटकला. माफी मागणं त्यांना यायचं नाही, लाकूड उतरवणं यायचं. म्हणून ते संध्याकाळी बाबारावांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मी नवीन पट करून देतो, सगळ्यांना खेळता येईल असा. बाबाराव वर्तमानपत्रातून वर आले नाहीत. उत्तर रुखमाबाईंनी दिलं.

"करा गनीभाऊ. पण नियमाले हात लावाचा नाही. कोणी मले घरं मोजून सांगाची नाही, कोणी माही चाल चालाची नाही. सवलत मी एसटीत घेतो, तेवढी पुरे."

"आन् मले?" वर्तमानपत्रामागून आवाज आला. "नवीन पटावर बी मी चुकलो, तं चोट्टाच समजाचं का?"

गनीभाई घरी येऊन कामाला लागले.

पहिला उपाय त्यांनी डोक्यानं केला, म्हणून फसला. बाबारावांना हिरवा नीट दिसत नाही, तर हिरवा आणखी गर्द करावा. दोन हात रंग दिला आणि सोंगट्या लाल सोंगट्यांसोबत दाखवायला नेल्या. बाबाराव म्हणाले, दोन्हीतल्या कोणत्या रंगवल्या? दीपानं फोनवर समजावलं, की रंग राहू द्या, पण कळण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. हाताला कळेल आणि डोळ्यालाही कळेल असं दुसरं काहीतरी द्या.

मग गनीभाईंनी हातानं उपाय केला. सोळा सोंगट्या नव्यानं उतरवल्या, बूड आणि उंची सगळ्यांची सारखी, फक्त डोकी वेगळी. लालचं टोकदार, हिरव्याचं गोल, पिवळ्याचं सपाट, निळ्याच्या डोक्यात बोट बसेल एवढा खळगा. चाळीस वर्षं चार पाय एकसारखे करणाऱ्या माणसाला आता चार वेगळे करताना घाम फुटला. पटाच्या चारही गल्ल्यांत रंगासोबत खुणा कोरल्या, लालमध्ये आडव्या रेघा, हिरव्यात ठिपके, पिवळ्यात तिरप्या रेघा, निळ्यात फुल्या. फिक्या लाकडावर घरांच्या काळ्याभोर, हाताला लागतील अशा उंच रेघा. चाचपडताना सोंगटी पडू नये म्हणून तिच्या बुडाला खुंटी आणि प्रत्येक घरात एक भोक. वरून आरशासारखं पॉलिश.

रुखमाबाईंनी पट मांडीवर घेतला. त्यांना त्यात फक्त खिडकीचा उजेड दिसला. पॉलिश घासून काढावं लागलं, आणि ते घासताना गनीभाईंचा चेहरा कोणी बघू नये असा होता. मग रुखमाबाईंनी घरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "माह्या दोन सोंगट्या एकाच घरात आल्या तं दुसरी कुठी ठेवू? डोक्यावर?"

एका घरात एकच भोक. म्हणजे एका घरात एकच सोंगटी. नियमाला हात लागला होता, तोही गिरमिटानं. गनीभाईंनी पट परत नेला आणि प्रत्येक घरात चार-चार भोकं पाडली, ताऱ्याच्या सुरक्षित घरांत जास्तीची. सगळी मिळून तीनशेवर गेली. हलीमा म्हणाली, चाळणी झाली, पीठ तरी चाळता येईल.

फासा राहिला होता. दीड इंचाचा सागवानी ठोकळा घेतला आणि ठिपक्यांऐवजी पितळेचे खिळे ठोकले, बोटाला लागतील असे. एक्क्याला एक, छक्क्याला सहा. दिसायला दागिना.

रविवारी सतरंजी पडली. बाबारावही बसले, पण पाठ भिंतीला लावून, पाहुण्यासारखे. फासा परातीत फिरला. एक. पुन्हा एक. हलीमाला दोन, मग एक. सोंगटी बाहेर काढायला छक्का लागतो, आणि अर्धा तास झाला तरी सोळाच्या सोळा सोंगट्या आत बसून होत्या.

"एक्क्याचा कारखाना टाकला का?" हलीमानं विचारलं.

गनीभाई म्हणाले, नशिबाचा खेळ आहे. बाबारावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नशीब नोहे. बादलीत टाक."

बादली आणली. लाकडाचा फासा पाण्यावर तरंगला, डुलला आणि एक्का वर करून थांबला. गनीभाईंनी तो उलटा करून टाकला. पुन्हा एक्का. सहा खिळ्यांचं अंग जड, ते खाली जाणार आणि त्याच्या उलट्या अंगाचा एक्का वर येणार. लाकूड तोलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे एका रिटायर कंडक्टरनं सांगावं?

"तुले कसं समजलं?"

"मले रंग दिसत नाही, गनी. वजन दिसते." बाबाराव बादलीकडं बघतच म्हणाले. "आता मी म्हणू का तुले, का तू चोट्टा फासा आणला?"

गनीभाईंनी ओला फासा धोतरानं पुसायला घेतला, मग लक्षात आलं की आपण लुंगी नेसलो आहोत आणि धोतर बाबारावांचं आहे. बाबारावांनी पाय ओढून घेतला नाही.

"म्हण," गनीभाई म्हणाले. "आन् एक सांगू? तू माही सोंगटी माह्याच फायद्यात चालायचा, तवा मी गप राह्यलो. दहा-बारा डाव तरी तसे जिंकलो."

"चहा पेत होते," हलीमा म्हणाली. "मी पाह्यत होती."

बाबाराव हसले नाहीत, पण पाठ भिंतीवरून सुटली आणि ते पटाकडं सरकले. म्हणाले, फासा नीट करून आण.

आठ दिवसांनी नवा ठोकळा आला. यात खिळे नव्हते, नुसते खळगे. एक्क्याचा एकच, पण मोठा आणि खोल. छक्क्याचे सहा, पण बारके. सहाही अंगांतून लाकूड सारखंच गेलं पाहिजे, हा गनीभाईंचा हिशेब. खळग्यांत काळा रंग, म्हणजे उरलेल्या नजरेलाही दिसावं. बादली आधीच भरून ठेवली होती. फासा वीस वेळा टाकला, कधी हे अंग वर, कधी ते. तेव्हा कुठं डाव सुरू झाला.

बाबारावांनी डावभर एकही सोंगटी चुकीची उचलली नाही. आधी डोक्याला बोट, मग चाल. उचलली की चालली हा जुना नियम, आणि बोट लावणं म्हणजे उचलणं नव्हे. पहिला नंबर त्यांचा आला. रुखमाबाई दुसऱ्या आल्या. हलीमा तिसरी. चौथ्यानंही सोंगटी घरी नेल्याशिवाय डाव मोडायचा नाही, हा वऱ्हांड्याचा नियम.

गनीभाईंची शेवटची सोंगटी घराच्या गल्लीत होती. पाच लागत होते, फासा चारच पडला. त्यांनी सोंगटी उचलली, सवयीनं कपात पाहिलं आणि खुंटी हळूच पाच घरं पुढं रोवली.

रुखमाबाईंचं बोट फासा चाचपून आधीच हिरव्या गल्लीतल्या ठिपक्यांवरून सरकत आलं होतं. एका मोकळ्या भोकावर ते थांबलं.

"गनीभाऊ, इथं पाह्यजे होती ना सोंगटी?"

गनीभाईंनी सोंगटी काढून मागच्या भोकात बसवली. ती इतकी घट्ट बसली, की पटाच्या कारागिराचं कौतुक करावं.

"चहा थंडा झाला," बाबाराव म्हणाले. "दुसरा सांगू का?"